मांजराच्या पिसवा, गोचिडी आणि जंत: आमच्या घरातला तीन महिन्यांचा हिशेब

गेल्या जूनच्या १४ तारखेला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून एक पिल्लू घरात आलं. अडीच-तीन महिन्यांचं, भिजलेलं, पोट टम्म आणि बरगड्या मात्र मोजता येतील असं. तिचं नाव चिंगी. घरात आधीपासून मन्या होता, चार वर्षांचा बोका, कधीमधी जिन्यात चक्कर मारून येणारा. पंधरा दिवसांत दोघंही खाजवायला लागली, माझ्या घोट्यांवर लाल पुटकुळ्या उठल्या आणि मन्याच्या गादीवर भाताच्या शितासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. मधल्या काळात मी एक चूक केली, तिच्यापायी मन्या जवळजवळ गेलाच होता. हे सगळं निस्तरायला ऑगस्टची अखेर उजाडली.

पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यांनी हे वाचलं तर ते तीन महिने थोडे आखूड होतील, म्हणून क्रमाने लिहिते. औषधाची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि दुकानात काय घ्यायचं नाही, तेवढं यातून कळेल.

हाताशी काय असावं

बारीक दातांची पिसवांची फणी (उवांची जुनी धातूची फणीही चालते), पांढरा टिश्यू पेपर, भांडी घासायचं सौम्य लिक्विड, स्वयंपाकघरातला वजनकाटा, टोकदार चिमटा, ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज, आणि एक वही किंवा भिंतीवरचं कॅलेंडर. दवाखान्यात जाताना मांजराची फाइल, आधी दिलेल्या औषधाचं रिकामं पाकीट आणि ताज्या शीचा नमुना झाकणाच्या छोट्या डबीत न्यावा. नमुना त्याच दिवशीचा हवा, आणि डबीवर मांजराचं नाव लिहायला विसरू नका. मी विसरले होते.

१. पिसू आहे की नाही, आधी ते ठरवा

मांजर खाजवतंय म्हणजे पिसूच असेल असं नाही. कानातले माइट्स, बुरशी, अ‍ॅलर्जी, कशानेही खाज येते. आणि पिसू असूनही दिसत नाही, कारण मांजर स्वतःला चाटून-चावून बऱ्याच पिसवा गिळून टाकतं. म्हणून पिसू शोधण्यापेक्षा तिची घाण शोधा.

मांजराला पांढऱ्या टॉवेलवर बसवा आणि शेपटीच्या मुळापाशी, पाठीवरून आणि मानेखाली फणी फिरवा. फणीत किंवा टॉवेलवर मिरपुडीसारखे काळे कण पडले तर ते ओल्या टिश्यूवर ठेवून हलकेच दाबा. साधी माती असेल तर राखाडी डाग पडेल. तांबूस-विटकरी ओघळ आला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. चिंगीच्या कणांनी टिश्यूवर गंजासारखी वर्तुळं उमटली, तेव्हा शंका उरली नाही.

फणीत जिवंत पिसू सापडली तर ती नखाने चिरडायच्या भानगडीत पडू नका, उडून जाते. शेजारी वाटीत लिक्विड घातलेलं पाणी ठेवा आणि फणी त्यात बुडवा. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडते.

पिल्लू लहान असेल तर इथेच हिरड्याही बघून घ्या. गुलाबी हव्यात. फिक्या किंवा पांढरट दिसल्या, पिल्लू मलूल असलं, तर पिसवांनी रक्त शोषून पंडुरोग झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. मुठीत मावणाऱ्या पिल्लाला शंभरेक पिसवाही जीवघेण्या ठरतात.

२. वजन करा

औषध वयावर आणि वजनावर ठरतं, अंदाजावर नाही. पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवा आणि पातेल्याचं वजन वजा करा. मोठं मांजर काट्यावर बसत नाही. त्याला उचलून माणसांच्या काट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा, आणि वजाबाकी करा. चिंगी १.१ किलो भरली, मन्या ४.२.

आठ आठवड्यांपेक्षा लहान किंवा किलोच्या आत वजन असलेल्या पिल्लाला दुकानातली बहुतेक औषधं चालत नाहीत. अशा पिल्लाला कोमट पाण्यात सौम्य लिक्विड घालून, डोकं न भिजवता, पाचेक मिनिटांत अंघोळ घालायची, लगेच टॉवेलने कोरडं करून उबेत ठेवायचं, आणि मग रोज दोनदा फणी. कष्टाचं काम आहे, पण पिल्लू वजनाला येईपर्यंत डॉक्टरांनी वेगळं काही दिलं नाही तर हाच सुरक्षित रस्ता.

३. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा

आता माझी चूक. १६ जूनला संध्याकाळी मी एका दुकानात गेले आणि “मांजराला पिसवा झाल्यात, मानेवर टाकायचं औषध द्या” म्हटलं. काउंटरवरच्या मुलाने एक छोटी पिपेट दिली. पाकिटावर कुत्र्याचं चित्र होतं. मी विचारलं, तर म्हणाला, “फिप्रोनिलच आहे मॅडम, मांजराला पण हेच असतं. छोट्या कुत्र्याचं दिलंय.” फिप्रोनिल मांजरांना देतात हे मी कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे पटलं. चिंगी फार लहान वाटली म्हणून तिला टाकलं नाही. मन्याच्या मानेवर टाकलं.

पाकिटाच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, फिप्रोनिलच्या पुढे आणखी एक नाव होतं: परमेथ्रिन.

परमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत ते ५० टक्क्यांच्या आसपास असतं. कुत्र्याचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणा फार तोकडी आहे, त्यामुळे ते शरीरात साचतं आणि मज्जातंतूंवर चढतं. कुत्र्याचा डोस छोटा करून मांजराला द्यायचा, हा हिशेब म्हणूनच चुकतो. प्रश्न डोस कमी-जास्त असण्याचा नाही, औषधच वेगळं हवं.

तेव्हापासून दुकानात मी तीनच गोष्टी बघते.

पहिली, पाकिटावर मांजराचं चित्र आणि मांजराचं वजन छापलंय का. “कुत्रा व मांजर” असं नुसतं तोंडी सांगितलेलं चालत नाही.

दुसरी, घटकांच्या यादीतलं प्रत्येक नाव शेवटपर्यंत वाचणं. नावाचा शेवट “थ्रिन”ने होत असेल तर पाकीट परत. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही सगळी एकाच कुळातली. यातली शेवटची दोन गाई-म्हशींच्या गोचिडांवरच्या औषधात असतात. गावाकडे गोठ्यात ती बाटली हाताशी असते आणि “पाण्यात टाकून पुसून घे” असं कोणीतरी सांगतं. मांजराला तिचा वाससुद्धा नको. याला अपवाद एकच: फ्लुमेथ्रिन असलेला एक पट्टा खास मांजरांसाठीही बनतो, त्यातून औषध अगदी हळू सुटतं. तोही डॉक्टरांनी सांगितला तरच.

तिसरी, अमिट्राझ. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळून अंगाला लावायच्या औषधात हे सर्रास असतं. नावात थ्रिन नाही म्हणून सुटतं, पण मांजराला तेही नको.

घरगुती उपायांचं काय? कापूर घातलेलं खोबरेल, निलगिरी किंवा टी ट्रीचं तेल, तंबाखूचं पाणी, रॉकेल, अंथरुणात डांबरगोळ्या, जेवणात लसूण. या यादीतलं एकही मांजराला चालत नाही. माणसाच्या अंगाला लावलेलं तेल अंगावर राहतं, मांजर मात्र दिवसातले कितीतरी तास स्वतःला चाटत असतं, त्यामुळे त्याच्या अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या पोटात जाते. लसूण बाहेरून लावत नाहीत, पण तो मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. आधीच पिसवांनी रक्त कमी झालेल्या मांजराला तर विचारायलाच नको.

४. चुकीचं औषध लागलंच तर

मन्याला रात्री आठला औषध टाकलं. एक-दीडच्या सुमारास तो माझ्या उशाशी येऊन बसला आणि त्याचे कान फडफडायला लागले, कोणीतरी फुंकर मारत असल्यासारखे. मला आधी गंमत वाटली. मग पाठीची कातडी थरथरली, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि उभा राहिला तर मागचे पाय लटपटत होते.

अशा वेळी काय करायचं ते क्रमाने सांगते, कारण त्या रात्री मला कोणी सांगायला नव्हतं. आधी दवाखान्यात किंवा रात्री उचलतील अशा डॉक्टरांना फोन. झटके आलेले नसतील आणि मांजर शुद्धीत असेल तर औषध लागलेला भाग कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विडने धुऊन काढायचा. हे औषध तेलकट असतं, नुसत्या पाण्याने जात नाही. पाणी गरम नको, त्याने कातडीतून औषध जास्त शोषलं जाऊ शकतं. फार थंडही नको, कारण आजारी मांजराचं अंग लवकर गार पडतं. धुतल्यावर कोरडं करून टॉवेलात गुंडाळायचं. उलटी करवायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. आणि रिकामं पाकीट बरोबर घेऊन निघायचं. मी पाकीट कचऱ्याच्या डब्यातून शोधून नेलं, त्यामुळे डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला कळलं कशाशी गाठ आहे. या विषावर उतारा असं औषध नाही, झटके थांबवून शरीराला ते बाहेर टाकायला वेळ द्यावा लागतो. मन्या दोन रात्री दवाखान्यात राहिला आणि सुखरूप घरी आला. उशीर झालेली मांजरं येत नाहीत, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले.

लक्षणं काही तासांत दिसतात, कधी दुसऱ्या दिवशी. घरात कुत्राही असेल आणि त्याला परमेथ्रिनवालं औषध टाकलं असेल, तर तेवढ्यानेही मांजराला बाधा होऊ शकते, कारण मांजर त्याला बिलगून झोपतं, चाटतं. अशा घरात कुत्र्यासाठीही वेगळं औषध मागून घेतलेलं बरं.

५. योग्य औषध, योग्य जागी

१८ जूनला डॉक्टरांनी चिंगीसाठी सेलामेक्टिनची छोटी पिपेट दिली, अडीच किलोच्या आतल्या मांजरांची. सेलामेक्टिनने पिसवा मरतातच, शिवाय कानातले माइट्स आणि गोल जंतही आटोक्यात येतात. मांजराच्या गोचिडांवर मात्र त्याचा भरवसा धरायचा नाही. तुमच्या भागात गोचिडी असतील तर डॉक्टर फिप्रोनिल (एकटं, जोडीदाराशिवाय) किंवा दुसरं काही सुचवतील. दोन्ही साधारण महिन्याने पुन्हा टाकावी लागतात.

टाकायची पद्धत सोपी आहे, पण चुकते. मांजर चाटू शकणार नाही अशी जागा एकच, कवटीच्या खाली मानेचा वरचा भाग. तिथले केस दोन्ही अंगठ्यांनी बाजूला सारून कातडीची फिकी रेघ दिसली पाहिजे. पिपेटचं टोक कातडीला टेकवून सगळं औषध एकदाच सोडा. केसांवर पडलं तर ते केसांवरच राहतं. दोन खांद्यांच्या मध्ये टाकलं तर लवचीक मांजराची जीभ तिथे पोहोचते आणि मग तोंडाला फेस येतो. तो बहुतेक वेळा नुसत्या कडू चवीचा असतो, पाणी पाजलं की थांबतो. पण तासाभरात थांबला नाही किंवा थरथर दिसली तर फोन करा.

फिप्रोनिल टाकायच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. कातडीवरच्या तेलातून ते अंगभर पसरतं, आणि अंघोळीने ते तेलच जातं. औषध वाळेपर्यंत मुलांना मांजर उचलू देऊ नका आणि घरातली दोन मांजरं वेगळ्या खोल्यांत ठेवा, नाहीतर एकमेकांना चाटतात.

घरातल्या सगळ्या मांजरांना एकाच दिवशी औषध टाकायचं, हा खरा नियम. आमच्याकडे तो पाळता आला नाही. मन्याला पुन्हा काही टाकायला डॉक्टरांनी २५ जूनपर्यंत थांबायला सांगितलं. त्या आठवड्यात पिसवांना एक बिनऔषधाचं मांजर मोकळं मिळालं, आणि त्याची किंमत आम्ही जुलैत मोजली.

६. गादीवरची शितं

२४ जूनला मन्याच्या गादीवर आणि शेपटीखालच्या केसांना पांढरट, शितासारखे तुकडे दिसले. ओले असताना ते आखडायचे-पसरायचे, वाळल्यावर तिळासारखे पिवळट कडक झाले. ही पट्टकृमीची सुटलेली पेरं. आतड्यातली मूळ कृमी लांबलचक असते, तिची शेवटची पेरं तुटून बाहेर पडतात, आणि त्यात अंडी असतात.

ही अंडी मांजर थेट गिळून आजारी पडत नाही. घरात सांदीकोपऱ्यात वाढणारी पिसवेची अळी ती अंडी खाते, अळीची पिसू होते, अंग चाटताना मांजर ती पिसू गिळतं, आणि पोटात नवी पट्टकृमी तयार होते. म्हणजे पिसू आणि हा जंत ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. नुसती जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच राहिल्या, तर दोन-तीन आठवड्यांत शितं परत दिसतात. लोक मग म्हणतात गोळी लागू पडली नाही. गोळी लागू पडलेली असते, मांजराने नवी पिसू गिळलेली असते.

गोल जंतांची गोष्ट वेगळी. ते पिल्लाला आईच्या दुधातून मिळतात, आणि मोठ्या मांजराला उंदीर, पाल, झुरळ खाण्यातून. चिंगीचं टम्म पोट आणि वाळलेलं अंग ही त्यांचीच ठळक खूण होती. असं पिल्लू कधी उलटीत शेवयांसारखे जंत काढतं.

दोन्ही प्रकारांना एकच औषध चालत नाही. पट्टकृमीवर प्राझिक्वान्टेल लागतं, गोल जंतांवर पायरँटेलसारखं काही. मांजरांच्या गोळ्यांत बहुधा दोन्ही एकत्र असतात. आमच्या गोळीवर चार किलोला एक असं प्रमाण होतं. ४.२ किलोच्या मन्याला दीड आणि चिंगीला अर्धी असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तुमच्या गोळीची ताकद वेगळी असू शकते, म्हणून हे आकडे उचलू नका. मेडिकलमध्ये मिळणारी माणसांची जंताची अल्बेंडाझोलची गोळी पाव-अर्धी करून देणारे बरेच भेटतील. ती या पट्टकृमीवर भरवशाची नाही आणि मांजराच्या रक्तपेशी जिथे तयार होतात तिथे तिचा त्रास होऊ शकतो.

गोळी द्यायची युक्ती. कुटून दुधात घालू नका. प्राझिक्वान्टेल कडूजहर असतं, मांजर तोंडभर फेस काढतं आणि त्या वाटीला आठवडाभर शिवत नाही. गोळी अख्खीच, सुकटीच्या ओल्या केलेल्या लगद्यात गुंडाळून देऊन बघा. आधी बिनगोळीचा एक घास, मग गोळीचा, आणि तो तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर. मन्या यात फसतो. चिंगी फसत नाही, सुकट खाऊन गोळी स्वच्छ चाटून जमिनीवर ठेवते. तिला मांडीत टॉवेलात गुंडाळून, डोकं किंचित वर करून, गोळी जिभेच्या मागे टाकते आणि सिरिंजने तोंडाच्या कडेने दोन-तीन मिली पाणी हळू सोडते. कोरडी गोळी घशात अडकून राहू नये म्हणून हे पाणी.

आम्ही २५ जूनला दोघांना गोळी दिली. १३ जुलैला चिंगीच्या शेपटीखाली पुन्हा एक शीत. का, ते वर आलंच. १५ जुलैला डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी.

७. घर साफ करायचं ते कसं

मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण लोकसंख्येतला लहानसा वाटा, पाच टक्क्यांच्या आसपास धरतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात घरात असतात. एक मादी दिवसाला वीस-चाळीस अंडी घालते. अंडी गुळगुळीत, मांजर जिथे झोपतं तिथे मिठासारखी गळून पडतात. अळ्या उजेडापासून लांब पळतात: गादीची शिवण, सोफ्याची खाच, पायपुसण्याखाली, कपाटामागचा केर. त्यांना दमट हवा लागते, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात यांचं राज्य.

सगळ्यात चिवट कोश. चिकट धाग्यांवर धूळ लागून तो केरासारखाच दिसतो, त्यावर औषध फारसं चालत नाही, आणि आतली पिसू उबेची, हादऱ्याची, श्वासाची चाहूल लागेपर्यंत महिनोन्‌महिने थांबू शकते. गावचं बंद घर उघडल्यावर पहिल्याच तासाला पायांवर पिसवा उडतात त्या यामुळे.

आम्ही केलं ते असं. मांजरांची अंथरुणं आणि आमच्या चादरी आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात. आमच्या मशीनला गरम पाण्याची सोय नाही, म्हणून बादलीत कढत पाणी ओतून अर्धा तास भिजवायचं आणि मग मशीन. जुनी गोधडी धुऊन वाळेना, ती बांधून टाकून दिली. सोफा आणि कोपरे पहिले दोन आठवडे एक दिवसाआड व्हॅक्यूमने, नंतर आठवड्यातून दोनदा. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर येतात, आणि आता औषध लागलेल्या मांजरावर उडी मारून मरतात. आतला केर लगेच पिशवीत बांधून खाली कचऱ्यात. व्हॅक्यूम नसेल तर पायपुसणी, गालिचा गच्चीत उन्हात झटकायचा आणि कोपरे ओल्या फडक्याने पुसायचे. केरसुणीने झाडलं तर अंडी खोलीभर पसरतात. फरशीला फिनाइल मात्र नको, मांजराच्या पंजांना लागून ते पोटात जातं.

पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर मांजरं दुसरीकडे ठेवून, आणि फरशी पूर्ण वाळून खोल्या हवेशीर झाल्यावरच आत. त्या फवाऱ्यांतही बहुधा थ्रिनवालेच घटक असतात. आम्ही केलं नाही.

१० जुलैच्या सुमारास पिसवा एकदम वाढल्यासारख्या दिसल्या. मी वैतागून डॉक्टरांना फोन केला, दुसरं औषध मागितलं. ते म्हणाले, हे जूनमध्ये घातलेल्या अंड्यांचे कोश फुटतायत, औषध बदलू नका, तारीख चुकवू नका. या टप्प्यावर बहुतेक जण औषध बदलतात किंवा महिना पुरा व्हायच्या आत दुसरा डोस टाकतात. दोन्ही नको.

८. गोचीड दिसली तर

कुत्र्याच्या मानाने मांजराला गोचिडी कमी होतात, कारण ते स्वतःला साफ करतं. राहतात त्या जीभ न पोहोचणाऱ्या जागी: कानाच्या कडेला, पापणीजवळ, हनुवटीखाली, बोटांच्या मध्ये. लहान गोचीड मसासारखी वाटते, फुगलेली एरंडाच्या बीसारखी. नीट पाहिलं तर कातडीलगत पाय दिसतात. मस ओढून रक्त काढू नका.

चिमट्याने ती कातडीच्या अगदी लगत, तोंडापाशी धरा आणि सरळ वर, धक्का न देता ओढा. पोट दाबू नका. रॉकेल, तेल, जळती काडी यांनी ती सुटण्याआधी तोंडातली लाळ उलट मांजराच्या रक्तात ओकू शकते. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. जागा जंतुनाशकाने पुसा, पण डेटॉल नको, मांजराला बाधतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, मलूलपणा, फिक्या किंवा पिवळ्या हिरड्या दिसल्या तर गोचीड काढल्याची तारीख डॉक्टरांना सांगा.

९. कॅलेंडरवर काय लिहायचं

मानेवरचं औषध दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला. बाहेर जाणाऱ्या किंवा बाहेरच्या मांजराशी संबंध येणाऱ्या मांजराला बारा महिने. आपल्या हवेत पिसवांना सुट्टी नसते.

जंताचं औषध पिल्लाला तीन आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी, आईचं दूध सुटल्यानंतरही दोन आठवडे, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. मोठं मांजर बाहेर फिरत किंवा शिकार करत असेल तर दर तीन महिन्यांनी. कायम घरात असणाऱ्याला वर्षातून एक-दोनदा पुरतं, किंवा शी तपासून ठरवतात. तपासणीत पट्टकृमीची अंडी सापडतीलच असं नाही, म्हणून शितं दिसली असतील तर रिपोर्ट कोरा आला तरी डॉक्टरांना सांगा, शक्य तर फोटो दाखवा. सेलामेक्टिन महिन्याला चालू असेल तर गोल जंतांच्या गोळीचं वेळापत्रक बदलू शकतं, तेही विचारून घ्या.

घरात लहान मूल असेल तर लिटर बॉक्स रोज साफ करा. गोल जंतांची अंडी शीतून पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला काही आठवडे लागतात, रोज उचललं तर ती वेळच येत नाही. कुंड्यांच्या मातीत मांजर घाण करत असेल तर वर मोठे गोटे किंवा जाळी पसरा.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर पशुसंवर्धन विभागाचा सरकारी दवाखाना बघा. तिथे जनावरांची गर्दी असते आणि मांजराचं औषध मिळेलच असं नाही, पण वजन, तपासणी आणि लिहून दिलेली चिठ्ठी मिळते, आणि चिठ्ठी असली की दुकानातला मुलगा काहीबाही हातात देत नाही.

आमच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या २५ तारखेला लाल पेनाने “मान” लिहिलंय, चिंगीचीही तारीख आता मन्याबरोबर जुळवून घेतली आहे. दर रविवारी फणी. २४ ऑगस्टला मन्याच्या मानेतून एक अर्धमेली पिसू निघाली. त्यानंतरच्या रविवारांपुढे नुसत्या फुल्या आहेत.